स्पष्टीकरणात्मक क्रमिक मिश्र पद्धती : आकड्यांकडून अर्थाकडे जाण्याची वाट आणि तिच्यातील तुटलेले दुवे
(ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नाच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक :

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात अलीकडे 'मिश्र पद्धती' हा शब्दप्रयोग विपुल प्रमाणात आढळतो. एखाद्या प्रबंधात दोनशे जणांची प्रश्नावली आणि दहा जणांच्या मुलाखती एकत्र आल्या की, त्यास मिश्र पद्धतीचे संशोधन म्हटले जाते. तथापि दोन प्रकारची सामग्री एका मुखपृष्ठाखाली आणणे आणि त्या दोहोंतून एकच उत्तर शोधणे या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात मिश्र पद्धतीच्या एकाच आराखड्याचा, म्हणजे स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखड्याचा विचार केला आहे. या आराखड्यात आधी संख्यात्मक टप्पा पूर्ण होतो आणि त्याच्या निष्कर्षांचे स्पष्टीकरण शोधण्यासाठी नंतर गुणात्मक टप्पा हाती घेतला जातो. हे दोन टप्पे परस्परांशी नेमके कोठे जोडले जातात आणि ही जोडणी कोठे तुटते, हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

विवेचनासाठी मराठवाड्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न निवडला आहे. या प्रश्नात आकडे आधी पुढे आले, स्पष्टीकरणे नंतर आली आणि उपाययोजना स्पष्टीकरण पक्के होण्यापूर्वीच ठरली. त्यामुळे सदर आराखड्याची गरज आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी येथे स्पष्टपणे दिसतात.

आराखड्यामागील भूमिका :

संख्यात्मक पाहणी 'किती' आणि 'कोणामध्ये अधिक' या प्रश्नांची उत्तरे देते. 'का' या प्रश्नाचे उत्तर ती क्वचितच देऊ शकते. प्रश्नावलीत कारणांचे पर्याय दिलेले असले तरी ते संशोधकाने आधीच कल्पिलेले असतात. उत्तरदाता त्यांपैकी एकावर खूण करतो एवढेच. याउलट, केवळ मुलाखतींपासून सुरुवात केली तर 'का' समजते, परंतु ते कारण किती जणांना लागू आहे आणि ज्यांच्याशी आपण बोललो ते समूहात कोठे बसतात, हे कळत नाही. स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखड्यात हा क्रम हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. कोणत्या गोष्टीचे स्पष्टीकरण हवे आणि ते कोणाकडे मागावयाचे, हे आधी आकड्यांनी ठरवावे, अशी यामागील भूमिका होय. अपरिचित विषयात आधी मुलाखती घेऊन त्यांतून प्रश्नावली घडविणारा दुसरा क्रमिक आराखडाही आहे. परंतु त्याचा हेतू वेगळा असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

या आराखड्याचे बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण म्हणजे इव्हान्कोवा, क्रेसवेल आणि स्टिक यांनी २००६ मध्ये 'फील्ड मेथड्स' या नियतकालिकात मांडलेला अभ्यास. अमेरिकेतील नेब्रास्का-लिंकन विद्यापीठाच्या दूरस्थ डॉक्टरेट अभ्यासक्रमात काही विद्यार्थी टिकतात व काही गळतात, ते का, असा त्यांचा प्रश्न होता. आजी-माजी २७८ विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठविली गेली व २०७ जणांनी उत्तरे दिली. विद्यार्थ्यांचे नव्याने आलेले, अर्ध्या वाटेवरचे, पदवी मिळविलेले आणि अभ्यासक्रम सोडलेले असे चार गट होते. संख्यात्मक विश्लेषणानंतर या प्रत्येक गटातून त्या गटाचा नमुना ठरेल असा एक, याप्रमाणे केवळ चार विद्यार्थी सखोल अभ्यासासाठी निवडले गेले. चार हा आकडा लहान वाटतो. परंतु हे चौघे पहिल्या टप्प्यातील मोजमापांच्या आधारे निवडलेले होते आणि त्यांना विचारलेले प्रश्न त्याच टप्प्यातील निष्कर्षांवरून तयार झालेले होते. आराखड्याचे बळ मुलाखतींच्या संख्येत नसून या दुव्यात आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

प्रश्नाची पार्श्वभूमी : कोणत्या आकड्याचे स्पष्टीकरण?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या निमित्ताने झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीनुसार (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. तत्पूर्वी २०१८ मध्ये बीडमध्ये २०० महिलांच्या एका छोट्या पाहणीतून ३६ टक्के हा आकडा पुढे आला होता. याशिवाय २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती विधिमंडळात देण्यात आली होती.

वृत्तपत्रीय लेखनात हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले गेले. परंतु ते एकाच गोष्टीचे मोजमाप नव्हेत. १३,८६१ हा आकडा व्यक्तींचा आहे आणि त्यात आयुष्यात केव्हाही झालेली शस्त्रक्रिया मोजली गेली आहे. ४,६०५ हा आकडा ठरावीक तीन वर्षांत रुग्णालयांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे. त्यात ऊसतोडीशी संबंध नसलेल्या महिलाही येतात आणि जिल्ह्याबाहेर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ऊसतोड महिला वगळल्या जातात. दोनशे महिलांच्या पाहणीतील ३६ टक्के हे प्रमाण त्या महिला कशा निवडल्या गेल्या यावर अवलंबून आहे. राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील महिला नाहीत. ऊसतोड महिलांच्या पाहणीत त्या असतील तर वयोगट समान केल्याशिवाय तुलना करता येत नाही.

आराखड्यातील पहिली चूक बहुधा येथेच होते. संख्यात्मक टप्पा पक्का होण्यापूर्वी स्पष्टीकरणाचा शोध सुरू होतो. जो फरक वयोगटामुळे दिसत असेल, त्याचे कारण मुलाखतीत विचारले तर उत्तर मिळतेच, कारण विचारलेल्या प्रश्नास माणूस काही ना काही उत्तर देतो. मग ते उत्तर अस्तित्वात नसलेल्या फरकाचे स्पष्टीकरण ठरते. दुसरा टप्पा पहिल्या टप्प्यातील नमुन्याचा दोष दुरुस्त करू शकत नाही. येथे १७ आणि ३.२ यांतील अंतर एवढे मोठे आहे की वयोगट समान केल्यावरही त्यातील बराचसा भाग उरेल, असे मानण्यास जागा आहे. परंतु उरलेला फरक किती, हे काढल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

परस्परविरोधी स्पष्टीकरणे :

या प्रश्नाची दोन स्पष्टीकरणे सार्वजनिक चर्चेत आली. पहिले स्पष्टीकरण मजुरीच्या रचनेकडे बोट दाखविते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते व ती काम करून फेडावयाची असते. कामाचा दिवस बुडाला की खाडा धरून पैसे कापले जातात. फडावर न्हाणी-शौचालयाची सोय नसते. त्यामुळे पाळीचा त्रास कायमचा संपावा म्हणून पिशवी काढली जाते, असे हे स्पष्टीकरण आहे. दुसरे स्पष्टीकरण वैद्यकीय व्यवहाराकडे वळते. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारींसाठी गेलेल्या स्त्रीस कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो, असे ते सांगते.

या दोहोंतील निवड केवळ तात्त्विक नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. हा उपाय दुसरे स्पष्टीकरण खरे धरतो. पहिले स्पष्टीकरण अधिक खरे असेल, तर परवानगीच्या अटीने जिल्ह्यातील आकडा कमी होईल, मात्र तीच स्त्री शेजारच्या जिल्ह्यात शस्त्रक्रिया करून घेईल आणि तिच्या कामाच्या अटी जशाच्या तशा राहतील. म्हणून आकड्याचे स्पष्टीकरण चुकले तर त्याची किंमत अभ्यासकास नव्हे, तर त्या स्त्रीस मोजावी लागते.

सोनारीच्या संदर्भात आराखड्याची मांडणी :

हाच प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात अभ्यासावयाचा असे गृहीत धरू. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेल्या सोनारी या गावी साखर कारखानाही आहे. हंगामात कारखान्याच्या परिसरात टोळ्या येतात, तर मराठवाड्यातील अनेक गावांतून मजूर बाहेरच्या कारखान्यांकडे जातात. असा अभ्यास सोनारी व आसपासच्या गावांत करावयाचा झाल्यास दोन टप्प्यांची जोडणी तीन ठिकाणी करावी लागेल. पुढील मांडणी ही अभ्यासाची योजना आहे, झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष नव्हेत.

पहिली जोडणी निवडीची. पहिल्या टप्प्यात ऊसतोड करणाऱ्या व न करणाऱ्या अशा दोन्ही घरांतील तीस वर्षांवरील महिलांची पाहणी होईल. त्यातून चार गट मिळतात : ऊसतोड करणाऱ्या व शस्त्रक्रिया झालेल्या, ऊसतोड करणाऱ्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या, ऊसतोड न करणाऱ्या व शस्त्रक्रिया झालेल्या, आणि दोन्हीही नसलेल्या. सर्वसाधारणतः मुलाखती केवळ पहिल्या गटाच्या घेतल्या जातात. तेथेच स्पष्टीकरण फसते. ज्यांना तसाच त्रास होता, ज्या तेवढेच हंगाम फडावर गेल्या आणि तरीही ज्यांनी पिशवी काढली नाही, त्या दुसऱ्या गटातील स्त्रियाच पहिल्या स्पष्टीकरणाची खरी परीक्षा घेतात. तसेच कधीही ऊस न तोडलेल्या, तरीही शस्त्रक्रिया झालेल्या तिसऱ्या गटातील स्त्रिया दुसऱ्या स्पष्टीकरणाचे वजन सांगतात. या तीन गटांतून प्रत्येकी पाच-सहा स्त्रियांच्या मुलाखती पुरेशा ठराव्यात.

यासाठी एक व्यावहारिक अट आहे व ती अनेकदा उशिरा लक्षात येते. पहिल्या टप्प्यातील प्रश्नावली पूर्णतः निनावी भरून घेतली असेल, तर त्यातील विशिष्ट स्त्रीकडे पुन्हा जाता येत नाही. मग दुसऱ्या टप्प्यासाठी 'उपलब्ध' स्त्रिया निवडल्या जातात आणि दोन टप्प्यांचा संबंध तुटतो. म्हणून पहिल्याच भेटीत पुन्हा भेटण्याची संमती घेणे, प्रत्येक प्रश्नावलीस सांकेतिक क्रमांक देणे आणि नाव व क्रमांक जुळविणारी यादी स्वतंत्र, बंदोबस्तात ठेवणे आवश्यक ठरते. वेळेचेही भान ठेवावे लागते. मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात व चैत्र-वैशाखात परततात. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीचे विश्लेषण दिवाळीपर्यंत रेंगाळले, तर निवडलेल्या स्त्रिया गावात नसतात. मागे राहिलेल्यांतूनच निवड करावी लागते आणि ज्यांच्या अनुभवाचा शोध घ्यावयाचा त्याच वगळल्या जातात.

दुसरी जोडणी प्रश्नांची. मुलाखतीचे प्रश्न पहिल्या टप्प्यातील तक्त्यांतून निघाले पाहिजेत. उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेचे वर्ष आणि पहिल्या हंगामाचे वर्ष ही दोन्ही नोंदविली असतील, तर शस्त्रक्रिया ऊसतोडीस जाण्यापूर्वी झाली की नंतर, हे प्रत्येक स्त्रीबाबत सांगता येते. शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर ऊसतोड तिचे कारण असू शकत नाही. अशा स्त्रिया संख्येने लक्षणीय निघाल्या, तर मुलाखतीतील प्रश्न 'फडावरच्या त्रासामुळे पिशवी काढली का' असा न राहता 'पिशवी काढण्यासाठी झालेल्या कर्जामुळे ऊसतोडीस जावे लागले का' असा उलटा होतो. पहिल्या टप्प्याने दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न बदलणे यालाच खरी जोडणी म्हणता येईल. वर्ष आठवत नसल्यास परिचित घटनांचा आधार घेता येतो : १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले ते साल, किंवा धाकट्या मुलाचा जन्म.

या टप्प्यावर शब्दांची काळजीही घ्यावी लागते. ग्रामीण बोलीत 'ऑपरेशन झालंय' असे म्हणताना पुष्कळदा कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया अभिप्रेत असते. पाहणी करणाऱ्याने तेवढ्यावर खूण केली तर आकडा फुगतो. शस्त्रक्रियेनंतर पाळी येत राहिली की कायमची थांबली, हा एक प्रश्न दोहोंतील भेद स्पष्ट करतो. मुलाखतीत ही गल्लत आढळली तर ती केवळ टीप म्हणून नोंदवून चालणार नाही. संबंधित तक्ता पुन्हा तपासावा लागेल.

तिसरी जोडणी अन्वयार्थाची. येथे दोन्ही टप्प्यांचे निष्कर्ष एका संयुक्त तक्त्यात समोरासमोर मांडले जातात. पहिल्या रकान्यात आकडा, दुसऱ्यात त्या आकड्याविषयी स्त्रियांनी सांगितलेले आणि तिसऱ्यात दोहोंतून निघणारा निष्कर्ष. तिसरा रकाना हाच निर्णायक होय. फेटर्स, करी आणि क्रेसवेल यांनी २०१३ मध्ये केलेल्या मांडणीनुसार येथे तीन शक्यता असतात : दोन्ही सामग्री एकमेकींस दुजोरा देतात, एक दुसरीचा विस्तार करते किंवा दोहोंत विसंगती आढळते.

विसंगतीचे उदाहरण घेऊ. समजा, आकड्यांत ऊसतोड आणि शस्त्रक्रिया यांचा स्पष्ट संबंध आढळला. परंतु मुलाखतीत बहुतेक स्त्रियांनी खाड्याचा उल्लेखही न करता केवळ 'डॉक्टरांनी कॅन्सर होईल म्हणून सांगितले' असे कारण दिले. अशा वेळी एका सामग्रीस खरे व दुसरीस खोटे ठरविण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही खऱ्या असू शकतात. पाच-सहा महिने फडावर असताना किरकोळ जंतुसंसर्गाचाही उपचार होत नाही; तो बळावतो; हंगाम संपल्यावर स्त्री डॉक्टरकडे जाते तेव्हा पुन्हा पुन्हा येऊन उपचार घेण्याएवढा वेळ तिच्यापाशी नसतो; आणि एकदाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला तिला सोयीचा वाटतो. या स्पष्टीकरणात ऊसतोड आणि डॉक्टर ही दोन प्रतिस्पर्धी कारणे न राहता एकाच साखळीच्या कड्या होतात.

तथापि असे स्पष्टीकरण सुचले म्हणून ते सिद्ध होत नाही. त्यातून एक तपासण्याजोगी अपेक्षा निघाली पाहिजे. ही साखळी खरी असेल तर ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रिया वैशाख ते भाद्रपद या काळात एकवटलेल्या दिसाव्यात. मात्र एवढे पुरेसे नाही, कारण गावी असतानाच शस्त्रक्रिया करून घेणे ही नुसती सोयही असू शकते. म्हणून तक्रार सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती वेळा उपचार झाले, याची तुलना तिसऱ्या गटातील स्त्रियांशी करावी लागेल. ऊसतोड महिलांमध्ये हे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले तर साखळीस आधार मिळतो. सारखेच आढळले तर ती सोडून द्यावी लागते. अशा रीतीने दुसरा टप्पा पुन्हा पहिल्या टप्प्याच्या सामग्रीकडे नेतो.

प्रचलित लेखनातील दोष ओळखण्याची कसोटी :

वरील विवेचनाच्या आधारे मिश्र पद्धतीच्या कोणत्याही प्रबंधास एक साधी कसोटी लावता येईल. संख्यात्मक प्रकरण वगळून गुणात्मक प्रकरण वाचावे. ते जसेच्या तसे उभे राहत असेल, म्हणजे उत्तरदाते तेच, प्रश्न तेच आणि निष्कर्षही तेच राहत असतील, तर पहिल्या टप्प्याने दुसऱ्यावर कोणताही परिणाम केलेला नाही. ते दोन स्वतंत्र अभ्यास होत. अनेक प्रबंधांत दोन्ही प्रश्नावल्या एकाच दिवशी मार्गदर्शकाकडून संमत झालेल्या असतात. मुलाखतीचा आराखडा तक्ते तयार होण्यापूर्वीच अंतिम झाला असेल, तर तो अभ्यास नावाने क्रमिक असला तरी रचनेने क्रमिक नसतो. याचा काही दोष विद्यापीठीय व्यवस्थेकडेही जातो. संशोधन आराखडा सादर करतानाच सर्व साधने जोडण्याची अट असेल, तर दुसऱ्या टप्प्याचे साधन नंतर घडविण्यास वावच राहत नाही. आराखड्यात दुसऱ्या टप्प्याची केवळ दिशा देऊन साधन पुरवणी म्हणून नंतर संमत करून घेण्याची सोय असणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय ठरेल.

दुसरा दोष म्हणजे मुलाखतीतील उद्गार तक्त्याखाली सजावटीसारखे येणे. सतरा टक्क्यांच्या आकड्याखाली एका स्त्रीचे करुण कथन दिले की वाचक हेलावतो, परंतु आकड्याचे स्पष्टीकरण होत नाही. ते कथन कोणत्या गटातील स्त्रीचे आहे, तिच्यासारख्या इतर किती आणि तिच्या कथनाशी न जुळणारे कथन कोणाचे, हे सांगितल्याशिवाय त्याचे मूल्य उदाहरणाएवढेच राहते.

समारोप :

स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखडा वेळखाऊ आहे. पंधरा ते अठरा मुलाखतींतून निघालेले स्पष्टीकरण संपूर्ण मराठवाड्यास लागू करता येत नाही, आणि आठवणींवर आधारलेल्या वर्षांत चुका राहणारच. या मर्यादा मान्य करूनही, ज्या प्रश्नात आकडा सर्वांना ठाऊक आहे आणि कारणाविषयी दुमत आहे, तेथे हा आराखडा उपयुक्त ठरतो. मात्र त्यासाठी आकड्याने माणसांची निवड केली पाहिजे, प्रश्न बदलले पाहिजेत आणि शेवटी माणसांच्या सांगण्याने आकडा पुन्हा तपासला गेला पाहिजे. ऊसतोड महिलांच्या बाबतीत १३,८६१ ही संख्या नोंदविली गेली आहे. त्याच गावांत, तेवढेच हंगाम फडावर जाऊन, तोच त्रास सोसूनही ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही, अशा स्त्रियांकडे पुढील अभ्यासकाने आधी जावे, असे या विवेचनावरून सुचवावेसे वाटते.